शेवटचं स्मरणपत्र पाठवण्याआधी एक फोन

प्रश्न: डिझाइन देऊन झालं, इनव्हॉइसची मुदतही उलटली, पण क्लायंट दोन ईमेलना उत्तर देत नाही. शेवटचं स्मरणपत्र कसं लिहू?

मेल लिहायच्या आधी त्यांच्या अकाउंट्स विभागाला फोन करा आणि एवढंच विचारा, "माझं बिल तुमच्याकडे नोंदवलं गेलंय का?" पॅकेजिंगच्या एका कामात मी चार आठवडे मनात कुढत बसले होते. फोन केल्यावर कळलं की दोन्ही मेल मार्केटिंगच्या मॅनेजरकडेच पडून होते आणि अकाउंट्सपर्यंत बिल पोचलंच नव्हतं. शिवाय त्यावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नव्हता, आणि तो नसेल तर त्यांच्याकडे बिल पुढे सरकतच नाही.

मग मी मॅनेजर आणि अकाउंट्स या दोघांनाही एकच मेल पाठवला. जुने दोन्ही मेल खाली तसेच ठेवले.

"विषय: अंतिम स्मरणपत्र – इनव्हॉइस क्र. ३१, मुदत १० मार्चला संपली

नमस्कार,
पॅकेजिंग डिझाइनचं इनव्हॉइस क्र. ३१ पुन्हा जोडत आहे. त्याचं पेमेंट १० मार्चपर्यंत येणं अपेक्षित होतं. १७ आणि २८ मार्चच्या मेलना उत्तर मिळालं नाही. पूर्ण रक्कम १४ एप्रिलपर्यंत खात्यात जमा करावी. बिलाबद्दल काही हरकत असेल तर तीही त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावी. दोन्हींपैकी काहीच न झाल्यास करारातल्या कलम ६ नुसार मी पुढचं काम थांबवेन आणि मूळ फाइल्स पूर्ण पैसे मिळाल्यावरच देईन."

हा मेल मी ७ एप्रिलला पाठवला, म्हणजे त्यांना सात दिवस मिळाले. "लवकरात लवकर" असं लिहू नका, तारीखच लिहा. हरकतीचं वाक्य तर अजिबात गाळू नका. त्यावरही ते गप्प राहिले, तर महिन्याभराने "काम पसंतच नव्हतं" म्हणणं त्यांना जड जातं.

इशारा मात्र करारात असेल तेवढाच द्या. उशिराचं व्याज आधी ठरलं नसेल तर आता मनाने लावू नका. आणि कितीही राग आला तरी त्यांच्या चालू वेबसाइटवरून आपलं डिझाइन काढून टाकू नका. त्यांचं नुकसान झालं तर तेच उलटा दावा लावतील, आणि आपले पैसे बाजूलाच राहतील.

दुसऱ्याच दिवशी अकाउंट्सकडून उत्तर आलं: पर्चेस ऑर्डरचा नंबर घालून बिल पुन्हा पाठवा. मी नंबर घातला, पण इनव्हॉइसचा क्रमांक आणि तारीख जुनीच ठेवली. तिथे नवी तारीख टाकली असती तर पेमेंटची ३० दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली गेली असती.