ग्रहण सुटलेला कायदा

प्रश्न: नागपुरात एलएलबी करतोय. विभाज्यतेचा आणि ग्रहणाचा सिद्धांत यांत नेमका फरक काय?

उत्तर: विभाज्यतेत कायद्याचा घटनाविरोधी भाग कापून टाकतात. उरलेला भाग स्वतःच्या बळावर चालू शकत असेल तर तो टिकतो, नाहीतर सगळाच जातो. ग्रहणात काहीच कापत नाहीत, कायदा फक्त झाकला जातो.

ग्रहणाचा मूळ खटला तर आपल्याच भागातला आहे. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून प्रवासी वाहतूक सरकारकडे घेण्याची सोय केली होती. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना आली आणि व्यवसायस्वातंत्र्यामुळे ही तरतूद नागरिकांविरुद्ध निष्प्रभ झाली. जून 1951 मधल्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19(6) मध्ये सरकारी मक्तेदारीला परवानगी दिली. भिकाजी नारायण ढाकरस खटल्यात (1955) सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कायदा मेला नव्हता. सावली हटली, तो पुन्हा लागू झाला. नव्याने मंजूर करायची गरजच पडली नाही. मात्र मधल्या काळात त्याच्या आधारे नागरिकाचा हक्क हिरावता येत नव्हता.

परीक्षेत इथेच गफलत होते: हे घटनापूर्व कायद्यांना लागू आहे. दीपचंद खटल्यानुसार (1959), घटनेनंतर केलेला मूलभूत हक्कविरोधी कायदा अनुच्छेद 13(2) मुळे जन्मतःच शून्य असतो, नंतरची घटनादुरुस्ती त्याला जिवंत करत नाही.