घनता-आलेखातील ‘बँडविड्थ’: ही रुंदी नेमकी कशाची?

प्रश्न: घनता-आलेखाविषयी वाचताना ‘बँडविड्थ’ हा शब्द वारंवार येतो. बँडविड्थ जास्त म्हणजे तपशील जास्त, असाच अर्थ घ्यायचा ना? आणि ‘बँडविड्थ वाढवून वक्र स्वच्छ करून घेतला’ असे लिहिणे बरोबर आहे का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आकडे कुठे किती दाटले आहेत हे वक्राने दाखवणाऱ्या या आलेखात अर्थ नेमका उलटा आहे: बँडविड्थ वाढली की तपशील कमी होतो. दुसऱ्या वाक्यातील ‘स्वच्छ’ हा शब्द तर अहवालांतून आणि व्याख्यानांतून इतक्यांदा कानांवर येतो, की त्याचा समाचार घेणे आता भाग आहे. स्वच्छ करणे म्हणजे मळ काढून मूळ वस्तू जशीच्या तशी ठेवणे. बँडविड्थ वाढवताना मळाबरोबर मूळ वस्तूही झिजते, आणि किती झिजली हे आलेखावर कुठेही लिहिलेले नसते.

आधी शब्दाकडे वळू, कारण तुमचा गोंधळ शब्दाच्या प्रवासातूनच आला आहे. दूरसंचारात बँडविड्थ म्हणजे वाहिनीतून जाऊ शकणाऱ्या वारंवारितांच्या पट्ट्याची रुंदी. पट्टा रुंद, तर माहिती जास्त जाते; म्हणून इंटरनेटच्या जोडणीत माहिती जाण्याच्या वेगालाही हाच शब्द लावतात. संख्याशास्त्रात हा शब्द माझ्या मते दुसऱ्या दाराने आला, वर्णपटाच्या अभ्यासातून. कालमालिकेत कोणत्या वारंवारितेला किती जोर आहे हे काढताना कच्चे आकडे फार खडबडीत येतात, म्हणून शेजारच्या वारंवारितांच्या एका पट्ट्यावर सरासरी घेतात. त्या सरासरीच्या पट्ट्याची रुंदी ती बँडविड्थ. तिथे पट्टा रुंद केला की जवळजवळची दोन शिखरे एकमेकांत मिसळतात. मरे रोझेनब्लॅट यांनी 1956 मध्ये आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी 1962 मध्ये घनतेच्या अंदाजाची जी पद्धत मांडली, तिचे नाते याच कामाशी आहे. पार्झेन यांनी तर आपल्या लेखाच्या आरंभीच हा प्रश्न वर्णपटीय घनतेच्या प्रश्नासारखा असल्याचे सांगितले आहे. म्हणून मला ही व्युत्पत्ती मनापासून आवडते. ‘जिच्यातून माहिती जाते ती रुंदी’ हा अर्थ सोडून ‘जिच्यावर सरासरी घेतली जाते ती रुंदी’ हा अर्थ धरला, की घनता-आलेखातील प्रत्येक वापर सरळ लागतो. बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात याच राशीला ‘खिडकीची रुंदी’ असेही म्हटले आहे. ते नाव रूढ झाले असते तर तुमचा प्रश्न उद्भवलाच नसता.

आता ही सरासरी घडते कशी ते पाहू. प्रत्येक निरीक्षणाच्या जागी एक लहानसा उंचवटा ठेवतात, बहुधा प्रसामान्य वक्राच्या आकाराचा, आणि सगळ्या उंचवट्यांची बेरीज म्हणजे घनता-वक्र. या लहान उंचवट्याचे प्रमाण विचलन ती बँडविड्थ, तिला h म्हणू. त्यामुळे मूळ आकडेवारीतल्या एखाद्या गटाचे प्रमाण विचलन s असेल, तर आलेखात तो गट s न राहता √(s² + h²) इतका पसरट दिसतो. क्षेत्रफळ तेवढेच राहायचे असल्याने रुंदी वाढली की उंची त्याच प्रमाणात घटते. ‘स्वच्छ’ वक्र पाहताना आपण नेहमी ही फुगवलेली रुंदी पाहत असतो.

‘ओल्ड फेथफुल’ या अमेरिकेतील उष्णोदकाच्या फवाऱ्याची आकडेवारी R या संख्याशास्त्रीय प्रणालीबरोबरच येते. तिच्यात 272 उद्रेकांचे कालावधी मिनिटांत आहेत. त्यांत दोन गट सहज दिसतात: सुमारे 2 मिनिटांचे आखूड उद्रेक आणि सव्वाचार मिनिटांच्या आसपासचे लांब उद्रेक. आखूड गट फार चिंचोळा आहे, त्याचे प्रमाण विचलन जेमतेम पाव मिनिट. आता R स्वतःहून कोणती बँडविड्थ निवडते ते पाहा:

```r
x <- faithful$eruptions
bw.nrd0(x)   # 0.3348
bw.SJ(x)     # 0.14
plot(density(x, bw = "SJ"))
rug(x)
```

पहिला आकडा प्रणालीच्या पूर्वनिवडीचा आहे: 0.33, म्हणजे जो गट दाखवायचा त्याच्या स्वतःच्या रुंदीहूनही मोठा. वरचे सूत्र लावले तर 0.25 चा गट 0.42 इतका रुंद होतो आणि त्याचे शिखर खऱ्या उंचीच्या जेमतेम 60 टक्के उरते. इथे दोन गट एकमेकांपासून इतके दूर आहेत, की शिखरे तरीही दोनच दिसतात. पण आखूड उद्रेक किती काटेकोरपणे एकसारखे आहेत, ही या आकडेवारीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट वक्रातून निघून जाते. दुसरा आकडा शीदर आणि जोन्स यांच्या 1991 च्या पद्धतीचा आहे. तो पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

पूर्वनिवडीचा आकडा इतका मोठा का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तो `0.9 × min(SD, IQR/1.34) × n^(-1/5)` या सिल्व्हरमन यांच्या सूत्राने काढला जातो. त्यात n म्हणजे निरीक्षणांची संख्या, IQR म्हणजे मधल्या निम्म्या निरीक्षणांचा पल्ला, आणि SD म्हणजे प्रमाण विचलन, जे संपूर्ण आकडेवारीचे असते. वितरण एकशिखरी आणि प्रसामान्याच्या जवळपासचे असेल तर ते त्या शिखराची रुंदी सांगते. पण दोन गट असतील तर ते मुख्यतः गटांमधील अंतर सांगते. या उदाहरणात ते 1.14 मिनिटे आहे, आखूड गटाच्या रुंदीच्या चौपटीहून जास्त. म्हणजे गट जितके दूर, तितकी हे सूत्र बँडविड्थ वाढवते, आणि प्रत्येक गट तितकाच जास्त फासला जातो. निरीक्षणे वाढवून यातून सुटका होईल असेही नाही, कारण n चा घातांक एक-पंचमांश आहे: बँडविड्थ निम्मी व्हायला 32 पट निरीक्षणे लागतात.

‘सिल्व्हरमन यांचा नियम आहे, म्हणून तोच वापरावा’ असे सांगणाऱ्यांशी माझा वाद इथे आहे. ते सिल्व्हरमन यांना अर्धेच वाचतात. त्यांनी हे सूत्र अनेक कामांना पुरेसे आणि इतर कामांत आरंभबिंदू म्हणून चांगले, असे मानले होते. शेवटचा शब्द म्हणून दिले नव्हते. R च्या साहाय्य-पृष्ठावरही स्पष्ट नोंद आहे, की ही पूर्वनिवड ऐतिहासिक कारणांसाठी आणि जुन्या कामाशी सुसंगती राहावी म्हणून कायम ठेवली आहे, सर्वसाधारण शिफारस म्हणून नव्हे. आरंभबिंदूला निष्कर्ष म्हणून छापणारे लेखक या दोन्ही इशाऱ्यांकडे पाठ फिरवतात.

शिखर केवळ ठेंगणे न होता पूर्ण नाहीसे केव्हा होते, याचेही नेमके उत्तर देता येते. दोन सारख्या आकाराचे आणि सारख्या रुंदीचे प्रसामान्य गट असतील, तर त्यांच्या मध्यांतील अंतर आलेखातील रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तरच शिखरे दोन दिसतात. प्रत्येकी प्रमाण विचलन 1 आणि मध्यांत अंतर 3 असे दोन गट घ्या. मधली दरी प्रत्यक्षात शिखराच्या उंचीहून सुमारे 36 टक्के खोल आहे. एकूण 100 निरीक्षणे असतील तर वरचे सूत्र सुमारे 0.65 ही बँडविड्थ देते, आणि तिने सरासरी जो वक्र मिळेल त्यात दरी 14 टक्क्यांवर येते. मग कुणीतरी ‘अजून जरा स्वच्छ’ करण्यासाठी `adjust = 2` लिहितो, बँडविड्थ 1.29 होते, √(1 + h²) ला 1.5 पर्यंत नेणारी 1.12 ची मर्यादा ओलांडली जाते आणि दोन्ही गटांच्या जागी एकच रुंद शिखर उभे राहते. त्याचा माथा बरोबर तिथे असतो, जिथे खरी दरी होती. वाचक त्यालाच सर्वाधिक आढळणारे मूल्य समजतो. चूक उघडकीला येण्याचे कोणतेही चिन्ह वक्रात नसते, कारण अतिगुळगुळीत वक्र नेहमीच नीटस दिसतो.

उलट दिशेची चूक निदान डोळ्यांना दिसते. ओल्ड फेथफुलच्या आकडेवारीला 0.03 ची बँडविड्थ दिली तर वक्रावर अनेक बारीक सुळके येतात, आणि त्यांतील बहुतेक केवळ नमुन्याचे योगायोग असतात. आकडे गोल करून नोंदवले असतील तर प्रत्येक गोल आकड्यावर एक खोटे शिखर उगवते. त्यामुळे लहान बँडविड्थ म्हणजे सत्य, असेही समजू नये. शिखर खरे की खोटे हे ठरवायला एका वक्राऐवजी अनेक वक्र काढावेत: शीदर-जोन्सच्या आकड्यापासून आरंभ करून त्याच्या निम्म्यापर्यंत खाली आणि दुपटीपर्यंत वर जावे, आणि खाली प्रत्येक निरीक्षणाची बारीक रेघ ठेवावी; वरच्या संकेतातील `rug` तेच करते. जे शिखर या सगळ्या पल्ल्यात टिकते आणि ज्याच्या खाली रेघांची दाटी दिसते, ते बोलण्यायोग्य. जे एकाच बँडविड्थला डोके वर काढते, त्याच्यावर काही उभारू नये. प्रसामान्य आकाराचे उंचवटे वापरले असतील तर h वाढवताना शिखरांची संख्या कधीही वाढत नाही. याच गुणावर सिल्व्हरमन यांनी 1981 मध्ये एक कसोटी बांधली: दुसरे शिखर पुसायला किमान किती बँडविड्थ लागते ते मोजायचे, आणि एकशिखरी वितरणातून केवळ योगायोगाने तेवढी लागली असती का, हे पुनर्नमुन्यांनी तपासायचे. ज्यांचे नाव घेऊन वक्र गुळगुळीत केले जातात, त्यांनीच शिखर तपासण्याची रीतही दिली आहे, याची आठवण फार थोडे ठेवतात.

वाक्य कसे लिहावे, तर ‘बँडविड्थ 0.14 मिनिटे, शीदर-जोन्स पद्धतीने’ असे, एककासह. एकक महत्त्वाचे आहे, कारण हाच शब्द दोन प्रणालींत दोन राशींसाठी वापरला जातो. R मधील `bw = 0.14` म्हणजे सरळ 0.14 मिनिटे. पायथनमधील `gaussian_kde` ला `bw_method=0.14` दिले तर तो आकडा आकडेवारीच्या प्रमाण विचलनाला गुणला जातो, आणि प्रत्यक्ष रुंदी 0.16 मिनिटे होते. तिथे 0.14 मिनिटेच हवी असतील, तर 1.14 ने भागून 0.123 लिहावे लागते.