गाइड रॉड दोन असले तरी कॉन्सेंट्रिक एकच लावा

प्रश्न: सॉलिडवर्क्समध्ये क्रँक-स्लायडरची असेम्ब्ली करतोय, स्लायडर दोन गाइड रॉडवर आहे. सगळ्या मेट लावल्या की ओव्हर डिफाइन्ड येतं आणि काही हलत नाही. एखादी मेट काढली की हलतं, पण स्लायडरपुढे (-) राहतं. बरोबर काय?

(-) राहायलाच पाहिजे. हलणाऱ्या पार्टपुढचं ते चिन्ह गेलं म्हणजे तुम्ही मशीन नाही, मूर्ती बसवलीत. एवढ्या तावात सांगतोय कारण याच चिन्हावरून मी एकदा भर ऑफिसात बोलणी खाल्ली आहेत.

इंदूरला सांवेर रोडवर एका पॅकिंग मशीनवाल्याकडे होतो, नाव घेत नाही. शेव-मिक्श्चरचे पाऊच भरायचं मशीन, त्यातला सीलिंग जॉ माझ्याकडे होता. अॅल्युमिनियमची प्लेट, तिला दोन भोकं, भोकांत बुश, त्यातून स्टीलचे दोन रॉड, सेंटर ते सेंटर 180 मिमी, आणि मागून क्रँक कनेक्टिंग रॉडने ती प्लेट पुढेमागे ढकलणार. म्हणजे तुमचंच प्रकरण.

मी पहिल्या भोकाला कॉन्सेंट्रिक लावला. त्याने सहापैकी चार हालचाली गेल्या, उरलं काय तर रॉडवर सरकणं आणि रॉडभोवती फिरणं. सरकणं आपल्याला हवंच आहे, फक्त फिरणं थांबवायचंय, म्हणजे एकच गोष्ट बाकी. त्यासाठी मी फ्रेममध्ये दोन्ही रॉडच्या अक्षांतून जाणारं एक प्लेन काढलं, दुसऱ्या भोकाच्या मध्यावर एक पॉइंट घेतला आणि तो त्या प्लेनवर कोइन्सिडंट केला. चार अधिक एक पाच, सरकणं शिल्लक, काम झालं.

आमच्या सरांनी फाइल उघडली आणि पहिलं वाक्य, "अरे, दुसरं भोक हवेत सोडलंस का? आणि हे मायनस काय दिसतंय, अर्धवट काम आणून दाखवतोस?" मी म्हटलं सर, दुसरा कॉन्सेंट्रिक परत चार हालचाली बांधायला बघतो आणि बांधायला उरलीय एक, तीन उगाच जास्तीच्या होतात. त्यांनी माझ्यासमोर माझी मेट डिलीट केली, दुसरा कॉन्सेंट्रिक लावला, प्लेट ओढून दाखवली. सरकली की! ऑफिसातले सगळे हसले. सरकली कारण स्क्रीनवर फ्रेमचं 180 आणि प्लेटचं 180 तंतोतंत सारखं असतं, मग जास्तीच्या तीन अटी आपोआप पाळल्या जातात आणि सॉफ्टवेअर गप्प बसतं. मी तिथंच प्लेटचं डायमेन्शन 180.1 करून दाखवलं, लगेच लाल, पुढे (+). सर म्हणाले सॉफ्टवेअरचे नखरे आहेत, 0.1 ने काय होतंय.

काय झालं ते ऐका. मशीन बनलं, एका नमकीनवाल्याकडे लागलं, थंड ट्रायल एकदम मख्खन. हीटर लावले, वीसेक मिनिटं गेली आणि जॉ आधी कुरकुरायला लागला, मग मधेच अडकला. फिटर म्हणाला, "भिया, ठंडा चलता है, गरम होते ही जाम." ग्रीस लावून झालं, मोटर मोठी टाकायच्या गोष्टी झाल्या, रॉड वाकडा आला असेल म्हणून व्हेंडरला फोन झाले. मी कागदावर गुणाकार केला. प्लेट फ्रेमपेक्षा 40 अंश जास्त गरम धरली, अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण 0.023 मिमी वाढतं, तर 180 मिमीला 0.17 मिमी. बुशमधली ढील होती 0.04. भोकं लांब गेली, रॉड होते तिथेच, मग अडकणार नाही तर काय करणार? स्क्रीनवरचं लाल आणि तिथला जाम एकच आजार.

इलाज पण तोच निघाला. एका रॉडवर गोल बुश तसाच ठेवला, दुसऱ्याला लांबट भोकाचा बुश टाकला, दोन रॉडना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने अर्धा मिमी मोकळा आणि आडव्या दिशेला पूर्वीइतकाच नेमका. हे म्हणजे माझा प्लेनवरचा पॉइंटच की, पितळेत केलेला! फिक्स्चरवाले याचसाठी एक डॉवेल गोल आणि दुसरा डायमंड लावतात, त्यात नवीन काही नाही.

आता तुमचा क्रँक. तिथे पण लोक कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना कॉन्सेंट्रिक आणि वर फेस-टू-फेस कोइन्सिडंट लावतात, मग रॉडची जाडी किंवा पिनची जागा अर्धा मिमी इकडेतिकडे झाली की दोन्ही फेस एकदम जुळत नाहीत आणि सगळं अडकून बसतं. क्रँक, रॉड, स्लायडर, तीन पार्टच्या मिळून अठरा हालचाली, एक ठेवायची, म्हणजे सतरा बांधायच्या. क्रँकच्या बेअरिंगला कॉन्सेंट्रिक अधिक फेस, पाच. क्रँकपिनला नुसता कॉन्सेंट्रिक, चार. स्लायडरच्या पिनला मध्यबिंदूवर मध्यबिंदू, तीन. स्लायडरचे वरचे पाच. झाले सतरा.

हे सगळं करूनही हललं नाही तर शोधायची पद्धत सांगतो. लाल झालेली मेटच गुन्हेगार असते असं धरू नका, बऱ्याचदा ती नुसती शेवटी लावलेली असते. अडकलेल्या पार्टवर राइट क्लिक, View Mates, एकेक सप्रेस करा आणि दर वेळी ओढून बघा. माझ्या अनुभवात दोन गोष्टी सारख्या सापडतात, एक म्हणजे पार्ट जागेवर ठेवताना लावलेली आणि मग विसरलेली डिस्टन्स मेट (स्ट्रोक दाखवायचा असेल तर लिमिट डिस्टन्स लावा, साधी नको), आणि दुसरी कॉन्सेंट्रिकमध्ये Lock rotation ला पडलेली टिक. आणि स्लायडर सबअसेम्ब्लीत असेल तर मेटवर डोकं फोडूच नका, सबअसेम्ब्ली मुळात रिजिड असते, तिला Flexible करा.

एक मान्य करतो, नुसतं ड्रॉइंग काढायचं असेल, मोशन बघायचंच नसेल, तर दोन कॉन्सेंट्रिक लावून कुणी मरत नाही. पण मोशन अॅनालिसिसमध्ये फोर्स काढणार असाल तर मात्र नको, कारण सॉल्व्हर जास्तीच्या अटी स्वतःच्या मनाने टाकून देतो, मग एका बुशवर सगळा लोड आणि दुसऱ्यावर शून्य असं काहीतरी येतं आणि माणूस त्या आकड्यावर बेअरिंग निवडून बसतो.

सर अजून तिथेच आहेत. ड्रॉइंगमध्ये लांबट बुश आला, मॉडेलमध्ये दुसरा कॉन्सेंट्रिक तसाच आहे म्हणे, फक्त त्यावर मिसअलाइनमेंट चालू करून ठेवलंय म्हणजे लाल दिसायला नको.