गाण्याचा क्लास लावण्याआधी: पेटी थांबल्यावर मूल काय करतं ते बघा

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, सिनेमातली गाणी छान म्हणते. सांगलीत विश्रामबागच्या आसपास घरी शास्त्रीय गायन शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांची नावं कळली आहेत. आम्हा नवरा-बायकोला गाण्यातलं काही कळत नाही. शिक्षक चांगले आहेत की नाहीत हे क्लास लावण्याआधी कसं ओळखायचं? आणि नंतर मुलीची प्रगती होतेय हे कशावरून समजायचं?

उत्तर:

मी मिरजेचा, पेटीवादक. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलांच्या साथीला बसतो. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर अशा ठिकठिकाणी शिकलेली मुलं एकामागून एक माझ्या शेजारी बसून गातात. कुणाला कसं शिकवलं गेलंय हे तिथे लगेच कळतं. तुम्हालाही ते कळू शकेल आणि त्यासाठी गाणं यायची गरज नाही, फक्त नेमकं कुठे लक्ष द्यायचं हे माहीत हवं.

बऱ्याच क्लासमध्ये असं चालतं की शिक्षक पेटीवर अलंकाराचा किंवा बंदिशीचा प्रत्येक सूर वाजवतात आणि मुलं त्याच्या मागून म्हणतात. ऐकायला सगळं सुरेल वाटतं, कारण चुकलेला सूर पेटीच्या आवाजात झाकला जातो आणि मूल पुढच्याच क्षणी पेटीला धरून परत जागेवर येतं. आईवडील खूश, मूलही खूश. पण सूर शोधायचं काम पेटीने केलेलं असतं, मुलाच्या कानाने नाही. परीक्षेत साथ करताना मी मधल्या जागा सोडतो, तशी ही मुलं तिथल्या तिथे घसरतात. दोन आवर्तनांत सा अर्धा सूर खाली गेलेला असतो आणि मुलाला त्याचा पत्ताच नसतो. पेटी वाईट आहे असं म्हणणं नाही, माझं पोटच तिच्यावर आहे. पण शिकवताना ती मधूनमधून थांबली पाहिजे आणि तानपुरा मात्र सतत चालू राहिला पाहिजे. मग तो मोबाइलवरचा का असेना.

म्हणून ट्रायलच्या तासाला तुम्ही स्वतः बसा. पहिल्या तासाला आईवडिलांनी बसू नये असं कुणी म्हणालं तर तिथे मुलीला घालू नका. पुढे रोज तुम्ही समोर बसून राहू नये ही शिक्षकांची अपेक्षा रास्त असते, पण दार उघडं असावं आणि कधीही डोकावता यावं.

तासात सगळ्यात आधी बघायचं ते म्हणजे शिक्षक मुलीची पट्टी, म्हणजे तिचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते, शोधतात का. चांगले शिक्षक तिला येतं ते गाणं आधी म्हणायला लावतात, मग पेटीवर एकेक सूर देऊन आवाज खाली कुठपर्यंत जातो, वर कुठे ताणला जातो ते पाहतात आणि त्यानंतर तिचा सा ठरवतात. या वयाच्या मुलींचा सा बहुधा काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या पट्टीच्या आसपास बसतो, पण प्रत्येक गळा वेगळा असतो. अडचण येते ती शिक्षक स्वतःच्या पट्टीतच सगळ्यांना गायला लावतात तेव्हा. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गात असतील तर मुलगी त्याच पट्टीत एक सप्तक वर गाते. मधल्या सप्तकात निभावून जातं, पण तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आला की हनुवटी वर उचलली जाते, गळ्याच्या शिरा ताठ होतात आणि आवाज ओरडल्यासारखा येतो. हनुवटी आणि शिरा बघायला गाणं कळावं लागत नाही.

त्यानंतर चूक झाल्यावर शिक्षक काय करतात ते बघा. सिनेमातली गाणी म्हणणारी मुलं भूप राग शिकताना बहुतेक एका ठराविक जागी अडखळतात. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. उतरताना पंचमावरून थेट गंधारावर यायचं असतं, पण मूल मध्ये नकळत मध्यमाला स्पर्श करतं. इथे एक शिक्षक म्हणतील, "चुकलं, परत म्हण." मूल परत म्हणतं, तसंच चुकतं, आणि तिसऱ्यांदा पेटी मोठ्याने वाजवून ओळ पुढे ढकलली जाते. दुसरे शिक्षक ओळ तिथेच थांबवतील. "फक्त प धर. आता ग. मध्ये कुठे थांबू नकोस." स्वतः प-ग, प-ग असं सावकाश गाऊन दाखवतील, पेटीवरचा हात काढतील, तानपुऱ्यावर मुलीला चार-सहा वेळा तेवढंच म्हणायला लावतील आणि जमलं की मगच तो तुकडा पूर्ण ओळीत बसवतील. या दोन-तीन मिनिटांवरून शिकवण्याची पद्धत कळते. तुम्हाला प आणि ग ओळखता आले नाहीत तरी चालतील. चूक नेमकी कुठे आहे हे सांगितलं का, आणि तेवढाच तुकडा वेगळा काढून घेतला का, एवढं तुम्ही पाहू शकता.

त्या तासात मुलगी एकटी किती वेळ गायली हेही बघा. आठ-दहा मुलांची बॅच असली तरी हरकत नाही, पण प्रत्येकाला थोडा वेळ तरी एकट्याने गायला लावलं पाहिजे. सगळ्यांच्या घोळक्यात गाणाऱ्या मुलाची चूक शिक्षकांना ऐकूच येत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट फार होते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या स्मृतीत दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा भरते, त्यामुळे "आमच्या गुरूंचे गुरू अमुक घराण्याचे" हे इथे फार लवकर ऐकायला मिळतं. त्याचा मान आहेच. पण मैफल गाजवणं आणि दहा वर्षांच्या पोरीला स्थिर सा लावायला शिकवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. घराणं विचारण्यापेक्षा, "तुमच्याकडे वर्षभर शिकलेलं एखादं मूल मला ऐकायला मिळेल का?" असं विचारा. आणि त्या मुलाला नुसत्या तानपुऱ्यावर गायला सांगा. आढेवेढे न घेता हो म्हणणारे शिक्षक मला विश्वासाचे वाटतात.

आता प्रगतीचं. यासाठी घरी करता येणारी एक चाचणी सांगतो. मोबाइलवर तानपुऱ्याचं कोणतंही ॲप घ्या आणि शिक्षकांनी सांगितलेली पट्टी लावा. काळी पाच असेल तर स्क्रीनवर A# दिसेल. मुलीला सा लावायला सांगा, मग तानपुऱ्याचा आवाज पूर्ण बंद करा. तिला भूपाचा आरोह-अवरोह सावकाश दोनदा म्हणू द्या. शेवटच्या सा वर ती थांबलेली असतानाच तानपुऱ्याचा आवाज परत वाढवा. सा जागेवर असेल तर तिचा आवाज तानपुऱ्यात मिसळून जाईल. घसरला असेल तर दोन आवाज एकमेकांना टोचतील, न शिकलेल्या कानालाही ते खटकतं. क्लास लावल्यावर पहिल्याच आठवड्यात हे रेकॉर्ड करून ठेवा, आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी तेच, त्याच पट्टीत करा. रोज तपासत बसू नका, पोर कंटाळेल.

आमच्या शेजारच्या मुलीचं उदाहरण देतो. एका क्लासला ती वर्षभर जात होती. दहा-बारा बंदिशी आणि भजनं तोंडपाठ, गॅदरिंगला कौतुक. मी ही चाचणी घेतली तेव्हा तिचा सा जवळजवळ एक पूर्ण सूर खाली उतरला होता. गात होती काळी एकमध्ये, कारण सरांची पट्टी ती. नव्या बाईंनी आधी सा काळी पाचवर आणला, म्हणजे तीन पट्ट्या खाली, आणि तार सा ओढाताण न होता लागायला लागला. मग सुरुवातीला कित्येक दिवस फक्त सा, प आणि तार सा, एकेका श्वासात, नुसत्या तानपुऱ्यावर. तिच्या आईला काळजी वाटली की नवीन गाणं काहीच नाही, पैसे पाण्यात चालले. तीन महिन्यांनी दोन रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून ऐकवली तेव्हा फरक आईलाच कळला. सा शेवटपर्यंत टिकला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मध्ये एकदा धैवत खाली लागला तेव्हा मुलगी स्वतः थांबली आणि कुणी न सांगता परत लावला. आपण बेसूर झालो हे तिचं तिला ऐकू आलं होतं. माझ्या मते पहिल्या वर्षातली खरी प्रगती हीच.

लयीचं थोडक्यात सांगतो. सहा-आठ महिन्यांनी तीनतालातली छोटी बंदिश म्हणताना तिला स्वतःच्या हाताने ताल धरता यावा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात मोकळा. हात शिक्षकांचा आणि गाणं मुलीचं असं चालत असेल तर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ती स्वतःच्या भरवशावर येत नाहीये.

प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षा द्यायला हरकत नाही, अभ्यासाला दिशा मिळते. पण वर्षभर फक्त परीक्षेच्या रागांच्या बंदिशी घोकून घेतल्या जात असतील तर चांगल्या मार्कांनी पास होऊनही वर सांगितलेल्या चाचणीत मूल नापास होऊ शकतं. ट्रायलच्या वेळी शिक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत परीक्षेचंच बोलणं काढलं तर जरा सावध राहा.

फी महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाची एकदम नको. पहिल्या महिन्यात पेटी किंवा तानपुरा विकत घ्यायची गरज नसते. मिरजेत उत्तम तानपुरे बनतात, ते कुठे जात नाहीत. मुलगी वर्षभर टिकली आणि पट्टी पक्की झाली की शिक्षकांना बरोबर घेऊन जा, कारण तानपुरा पट्टीप्रमाणे निवडावा लागतो.

तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर लगेच क्लास बदलू नका. आधी घरी रोज पंधरा-वीस मिनिटं रियाझ होतोय का ते बघा. होत असेल, तर दोन्ही रेकॉर्डिंगं शिक्षकांना ऐकवा आणि विचारा, "यात काय कमी पडतंय, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही काय करणार?" जे शिक्षक ऐकून नेमकं उत्तर देतात त्यांना आणखी तीन महिने द्या. "तिचा गळाच तसा आहे" एवढंच उत्तर मिळालं, तर तुमच्याकडच्या यादीतल्या दुसऱ्या शिक्षकांना फोन करा.