ईसीजीत ५० हर्ट्झचा आवाज: उजव्या पायाची वायर ग्राउंडला की ड्राइव्हला?

प्रश्न: AD620 हा अँप्लिफायर वापरलाय, उजवा पाय सरळ ग्राउंडला जोडलाय, तरी ५० हर्ट्झ जात नाही. राइट लेग ड्राइव्हने खरंच फरक पडेल का?

उत्तर: पडेल, पण आधी पायाच्या इलेक्ट्रोडकडे बघा. समजा, आजूबाजूच्या वायरिंगमधून शरीरात ०.२ मायक्रोअँपिअर शिरतोय आणि त्या इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम आहे. मग अख्खं शरीर १० मिलिव्होल्टवर नाचतं, आणि हातांच्या दोन इलेक्ट्रोडचा रोध सारखा नसला की त्यातला थोडा भाग सिग्नलमध्ये मिसळतो. तो अँप्लिफायरला ईसीजीपासून वेगळा करता येत नाही.

ड्राइव्हमध्ये अख्ख्या शरीरावरचा हाच व्होल्टेज, म्हणजे कॉमन मोड, उलटा करून, ३९ पट वाढवून, १०० किलोओहमच्या सुरक्षा-रेझिस्टरमधून पायाला परत द्या. आता शरीरावर ०.२ × (५० + १००) ÷ (३९ + १), म्हणजे ०.७५ मिलिव्होल्टच उरतं. रेझिस्टर मात्र काढू नका. बिघाड झाल्यास करंट तोच रोखतो. सर्किट बॅटरीवरच चालवा.

ड्राइव्ह लावूनही आवाज तेवढाच राहिला, तर हातांच्या वायरी एकमेकींभोवती पिळून बघा. लगेच कमी झाला, तर तो वायरींच्या लूपमध्ये शिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आहे. तिथे ड्राइव्हचा उपयोग नाही.