फिरत्या स्प्रिंकलरचा वेग ठरावीक आकड्यावर का थांबतो?

प्रश्न: लॉनवरच्या स्प्रिंकलरचे वाकडे हात पाण्याच्या जोराने फिरतात. मग पाणी सुरू असेपर्यंत वेग वाढतच का जात नाही?

उत्तर: कारण हात जसजसे वेग घेतात, तसतसं पाण्याकडून मिळणारं टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कमी होतं.

समजा दोन हात आहेत, प्रत्येक 15 सेंमी लांब, टोकं स्पर्शरेषेच्या दिशेने वळलेली. एकूण पाणी सेकंदाला 0.2 किलो, आणि नोझलच्या तुलनेत धारेचा वेग 8 मी/से. हात धरून ठेवला तर टॉर्क 0.2 × 0.15 × 8 = 0.24 न्यूटन-मीटर. हात सोडला की नोझल स्वतःच मागे सरकतं, त्यामुळे जमिनीवरून पाहता धारेचा वेग घटतो:

T = ṁ r (w − ωr)

इथे T म्हणजे टॉर्क, ṁ म्हणजे सेकंदाला बाहेर पडणारं पाणी, r म्हणजे हाताची लांबी, w म्हणजे नोझलच्या तुलनेत धारेचा वेग, ω म्हणजे हात फिरण्याचा कोनीय वेग आणि ωr म्हणजे टोकाचा वेग.

बेअरिंगचं घर्षण 0.18 न्यूटन-मीटर धरलं, तर कंसातला वेग 6 मी/से उरेल तेव्हा दोन्ही टॉर्क जुळतात. म्हणजे टोकाचा वेग 2 मी/से, मिनिटाला साधारण 127 फेरे.

घर्षण शून्य असतं तर फेरे 500 च्या आसपास जातील, पण पाणी बाहेर पडताना आडवा वेगच उरणार नाही आणि ते तिथल्या तिथे खाली पडेल! म्हणून खूप गरगर फिरणारा स्प्रिंकलर लांबवर पाणी फेकत नाही.