‘सगळं मीच करतेय’ हे वाक्य मेलमधून काढा

> विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर मी आणि कॉलेजातल्या एक मॅडम मिळून पेपर लिहितोय. फॉर्म भरून घेणं, एन्ट्री, सगळं माझ्याच गळ्यात. मॅडम ‘छान चाललंय’ म्हणतात आणि गायब. संबंध न बिघडवता मेल कसा लिहू? – नागपूर

तुमची पोस्ट वाचली आणि आपल्याच गावातला एक मे महिना आठवला. कूलरसमोर बसून ३१२ फॉर्मची एन्ट्री करत होते. कूलरच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवलेला. दोनच प्रश्नावल्या होत्या, स्वास्थ्यासाठी डब्ल्यूएचओ-५ आणि ताणासाठी पीएसएस-१०. म्हणजे एका फॉर्ममागे १५ आकडे. रात्री साडेअकराला डोकं फिरलं आणि मी माझ्या सहलेखिका मॅडमना मेल ठोकला: ‘सगळं मीच करतेय, तुमचं फक्त नाव आहे.’ वर विभागप्रमुखांना सीसी.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. एथिक्स कमिटीचा अर्ज, तीन कॉलेजांच्या प्राचार्यांची परवानगी, संमतीपत्राचं मराठी, असं त्यांनी ओळीने मांडलं होतं. सगळं खरं होतं. माझं ‘सगळं’ तिथेच पडलं आणि माझी रास्त तक्रारही त्याच्यासोबत गेली.

सीसीचं नुकसान याहून मोठं. प्रमुखांनी मेल संशोधनाचं काम बघणाऱ्या एका कार्यालयाकडे पाठवला. तिथे मी तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज ‘योग्य नमुन्यात’ नव्हता आणि तिसऱ्यांदा विचारलं, ‘सुरुवातीला लेखी काही ठरलं होतं का? नाही ना? मग आपसात मिटवा.’ दोन महिने गेले. मिटवायचं आपसातच होतं, तर चहा पिता पिता मिटलं असतं. जर्नलकडूनही न्यायाची अपेक्षा ठेवू नका. लेखकांच्या भांडणात संपादक सहसा निवाडा करत नाहीत, संस्थेकडेच बोट दाखवतात.

आता मेलचं. आधी कागदावर दोन रकाने काढा आणि मॅडमचा रकाना पहिले भरा, प्रामाणिकपणे. मग मेलमध्ये झालेल्या कामाला दोन ओळी द्या आणि बाकीचं सगळं उरलेल्या कामाबद्दल लिहा. मी नंतर पाठवलेला मेल साधारण असा होता:

> मॅडम, नमस्कार. परवानग्या आणि संमतीपत्र तुमच्यामुळे वेळेत झालं. ३१२ पैकी २६० फॉर्मची एन्ट्री मी केली आहे. मला पेपर तपासणीही आहे, त्यामुळे पुढचं एकटीने झेपणार नाही. उरलेले ५२ फॉर्म आणि विश्लेषण तुम्ही १५ तारखेपर्यंत घ्याल का? पद्धती आणि निष्कर्षांचा पहिला मसुदा मी लिहिते, चर्चेचा भाग तुम्ही लिहा. हे जमणारं नसेल तर काय जमेल ते शुक्रवारपर्यंत कळवा, त्याप्रमाणे वेळापत्रक बदलू.

‘जमेल तेव्हा बघा’ चुकूनही लिहू नका. त्या वाक्याने माझं एक अख्खं सेमिस्टर खाल्लं.

नावांच्या क्रमाचा विषय या मेलमध्ये नको, तो समोरासमोर बोला आणि ठरलं की दोन ओळींच्या मेलने पक्कं करा. बोलण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोनच लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के गुण मिळतात, म्हणजे गुणांपुरता पहिल्या-दुसऱ्या नावाने फरक पडत नाही. तिसरं नाव ‘सौजन्याने’ घुसलं की मात्र मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. तेव्हा कोणी ‘सरांचंही नाव टाकून देऊ’ म्हटलं तर सावध राहा. दुसरी गोष्ट कडू आहे. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या निकषांत निव्वळ डेटा गोळा केल्याने कोणी लेखक होत नाही, लिखाणात किंवा मजकुराच्या चिकित्सक दुरुस्तीत वाटा लागतो आणि अंतिम मसुद्याला मंजुरी द्यावी लागते. रात्र रात्र जागून केलेली एन्ट्री तिथे एकटी उभी राहत नाही, म्हणून मसुदा लिहायचं काम हातचं सोडू नका. (मी मानसशास्त्रवाली, तुमच्या शाखेत रीत वेगळी असू शकते. शिवाय तुमच्या मॅडम तुमच्या गाइड असतील तर माझा सल्ला अर्धाच लागू.)

माझ्या मॅडमचं उत्तर गुरुवारीच आलं. विश्लेषण त्यांनी घेतलं आणि आठवड्याने फोन केला, ‘अगं, ताण आणि स्वास्थ्य यांचा संबंधच दिसून नाही राहिला, असं कसं?’ पीएसएस-१० मधले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक असतात, त्यांचे गुण उलटवून (० चे ४, १ चे ३) मगच बेरीज करायची. २६० फॉर्मची बेरीज मी सरळ करून ठेवली होती. डब्ल्यूएचओ-५ चे पाचही प्रश्न सरळ असल्याने तिथे वाचले. तुमच्याकडे हीच प्रश्नावली असेल तर मेल पाठवायच्या आधी ते चार रकाने बघून घ्या.